फाउंड्रीच्या कोहॉर्टमध्ये एसएमआर ०.७८ आला, म्हणजे धूळ निरुपद्रवी?

प्रश्न: फाउंड्रीतल्या १,२०० कायम कामगारांचा कोहॉर्ट केलाय. २००५ साली मस्टरवर असलेले सगळे घेतले, २०२० पर्यंत पाठपुरावा केला. एसएमआर, म्हणजे प्रत्यक्ष मृत्यू भागिले सर्वसाधारण लोकसंख्येच्या दराने अपेक्षित मृत्यू, ०.७८ आला. २१६ जण (१८ टक्के) सापडले नाहीत, त्यांना जिवंत धरलं. गाइड म्हणतात सिलेक्शन बायस आहे, म्हणजे कोण अभ्यासात आलं आणि राहिलं यामुळेच निकाल एका बाजूला झुकलाय. पण जास्त धूळ आणि कमी धूळ, दोन्ही गटांत गळती सारखीच आहे, मग बायस कुठून आला? आणि जास्त धुळीच्या गटात मृत्यू उलट कमी दिसतायत, हे कसं?

उत्तर: गाइडचं बरोबर आहे, फक्त तो बायस एक नाही, तीन आहेत. एक कारखान्याच्या दारातून आत येताना घडलाय, दुसरा आत काम चालू असताना आणि तिसरा लोक तुमच्या नजरेआड गेल्यावर. तिघांचाही ओढा एकाच बाजूला आहे, धूळ निरुपद्रवी दाखवण्याकडे. तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण त्यातली एक चूक तुमची स्वतःची आहे आणि दुपारभरात दुरुस्त होईल.

सोयीसाठी धरून चालू की अपेक्षित मृत्यू १०० आहेत आणि तुम्हाला सापडलेले ७८. अपेक्षित मृत्यू काढताना प्रत्येक कामगाराची व्यक्ती-वर्षं मोजून त्यांना त्या वयाच्या सर्वसाधारण मृत्युदराने गुणलं असणार. न सापडलेल्या २१६ जणांना तुम्ही २०२० पर्यंत जिवंत धरलंत, म्हणजे त्यांची सगळी वर्षं छेदात गेली. पण त्या वर्षांत त्यांच्यापैकी कुणी मेलं असेल, तर तो मृत्यू अंशात येण्याची सोयच नव्हती. नोकरी सोडून गावी गेलेला माणूस तुमच्या हिशेबात अमर झाला. समजा शेवटच्या संपर्कानंतरच्या या वर्षांमुळे १५ अपेक्षित मृत्यू वाढले. ती वर्षं काढून टाकून प्रत्येकाला शेवटच्या खात्रीशीर तारखेला थांबवलं, तर ७८ भागिले ८५, म्हणजे ०.९२. धुळीचा काडीचाही संबंध न येता आकडा ०.७८ वरून इथवर सरकला.

इथे उलट चूकही सहज होते. ज्यांचा मृत्यू नंतर कळला त्यांना मृत्यूच्या तारखेपर्यंत मोजायचं आणि ज्यांचं काहीच कळलं नाही त्यांना नोकरी सोडल्याच्या तारखेला थांबवायचं, असं केलं की एसएमआर फुगतो. कारण शेवटच्या संपर्कानंतरच्या काळातले मृत्यू तेवढे आत येतात, त्याच काळात जगलेल्यांची वर्षं मात्र बाहेर राहतात. म्हणून नियम आधी ठरवा. मृत्यू कळण्याचा मार्ग सगळ्यांसाठी एकच आणि पुरेसा भरवशाचा असेल, तर सगळ्यांना शेवटच्या तारखेपर्यंत मोजा. माहिती भेटून किंवा फोन करून मिळवली असेल, तर जिवंत-मृत कळण्याची शेवटची तारीख सगळ्यांना एकाच निकषाने लावा. दोन्हींची खिचडी करू नका.

आता ‘दोन्ही गटांत गळती सारखी’ हा मुद्दा. गळतीची टक्केवारी सारखी असणं हा कसलाच पुरावा नाही. हे आकड्यांतच बघा.

समजा जास्त धुळीचे ५०० आणि कमी धुळीचे ५०० कामगार आहेत. खरे मृत्यू पहिल्या गटात १०० आणि दुसऱ्यात ५०, म्हणजे जोखीम दुप्पट. दोन्ही गटांतून १००-१०० माणसं, म्हणजे नेमकी २० टक्के, गळाली. जास्त धुळीच्या गटातले गळालेले मुख्यतः दम लागतो म्हणून हिशेब घेऊन गावी गेलेले होते आणि त्यांच्यातले ५० मेले. कमी धुळीच्या गटातले गळालेले दुसरीकडे चांगली नोकरी मिळाली म्हणून गेलेले होते, त्यांच्यातले १० मेले. तुमच्या हाती काय उरतं? पहिल्या गटात ४०० पैकी ५० मृत्यू, १२.५ टक्के. दुसऱ्यात ४०० पैकी ४०, १० टक्के. दुप्पट जोखमीची १.२५ पट झाली आणि गळती मात्र दोन्हीकडे अगदी समसमान!

आता उलटं करून बघा. जास्त धुळीच्या गटातून ४० टक्के गळाले, दुसऱ्यातून एकही नाही, पण गळालेल्यांचा मृत्युदर बाकीच्यांइतकाच, २० टक्के होता. उरलेल्या ३०० मध्ये ६० मृत्यू, म्हणजे २० टक्के. समोर १० टक्के. गुणोत्तर जसंच्या तसं दोन. गळती प्रचंड आणि असमान, तरी बायस नाही.

तेव्हा विचारायचा प्रश्न ‘किती गेले’ हा नाही. ‘धुळीचा एकच गट घेतला, तर गेलेल्यांचा मृत्यूचा धोका राहिलेल्यांपेक्षा वेगळा आहे का, आणि तो वेगळेपणा दोन्ही गटांत सारखा आहे का’ हा आहे. पाच टक्क्यांखाली चालेल, वीसच्या वर नाही, असा जो ठोकताळा सांगितला जातो त्यावर फार विसंबू नका. मृत्यूच कमी असतील तर पाच टक्के गळतीही निकाल फिरवू शकते.

आणखी एक बारकावा, जो एसएमआरसाठी महत्त्वाचा आहे. समजा गळतीचा धुळीशी संबंधच नाही, फक्त मृत्यूशी आहे. मेलेल्यांपैकी निम्मे सापडत नाहीत, जिवंत सगळे सापडतात. वरच्याच उदाहरणात मग ४५० पैकी ५० आणि ४७५ पैकी २५ उरतात. जोखमीचं गुणोत्तर २.११, ऑड्स गुणोत्तर, म्हणजे दर जिवंतामागे मेलेले किती याची दोन गटांतली तुलना, तर खऱ्याइतकंच २.२५. म्हणजे दोन गटांची आपसातली तुलना बऱ्यापैकी तगते. एसएमआर मात्र तगत नाही. तुलनेच्या लोकसंख्येतले मृत्यू त्यांच्या पद्धतीने मोजलेले असतात, निम्मे हरवतात ते फक्त तुमचे, त्यामुळे तो जवळपास निम्मा होतो.

आपल्याकडे मेलेल्यांनीच हरवण्याला ठोस कारण आहे. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा, १९६९ प्रमाणे मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते, माणूस जिथे राहत होता वा काम करत होता तिथे नाही. आजारी पडल्यावर गावी गेलेल्या कामगाराची नोंद गावच्या ग्रामपंचायतीत, नाहीतर तालुक्याच्या रुग्णालयाच्या हद्दीत. कारखान्याच्या शहरातलं रजिस्टर कितीही चाळलं तरी तो तिथे मिळणार नाही. नाव टाकून शोधता येईल असा देशपातळीवरचा मृत्यू-निर्देशांकही संशोधकांना उपलब्ध नाही.

मग २१६ जणांचं काय करायचं? सगळ्यांचा थोडा थोडा शोध घेण्यापेक्षा त्यांच्यातून चिठ्ठ्या टाकून ५० जण निवडा आणि त्या ५० जणांचा अगदी पिच्छा पुरवा. सर्व्हिस बुकात मूळ गावचा पत्ता असतो. भविष्यनिर्वाह निधीच्या पेन्शनच्या नोंदी कंपनीचं पत्र आणि नैतिकता समितीची मंजुरी घेऊन बघता आल्या तर सोनंच. पेन्शनर दरवर्षी हयातीचा दाखला देतो, म्हणजे तो जिवंत असल्याची तारीखवार खात्री मिळते, आणि विधवेला पेन्शन सुरू झाली असेल तर मृत्यूची. पुढे ग्रामसेवक, पोलीस पाटील, आशाताई आणि त्याच गावचे जुने सहकारी. शोध घेणाऱ्याला कोण कुठल्या धुळीच्या गटातला हे माहीत नसावं. नाहीतर फेटलिंगवाल्यांसाठी, म्हणजे ओतीव वस्तू घासून साफ करणाऱ्यांसाठी, तीन फेऱ्या आणि स्टोअरवाल्यासाठी एक फोन असं नकळत होतं.

समजा ५० पैकी ८ मेलेले निघाले. प्रत्येक निवडलेला माणूस २१६ भागिले ५०, म्हणजे ४.३२ जणांचा प्रतिनिधी आहे. ८ गुणिले ४.३२ म्हणजे साधारण ३५ मृत्यू. आता सगळ्यांना २०२० पर्यंत मोजता येतं. अंशात ७८ अधिक ३५, छेदात पूर्ण १००. एसएमआर १.१३. विश्वासमर्यादा काढताना हे ३५ प्रत्यक्ष मोजलेले नाहीत, आठांवरून आलेत हे धरायला हवं, त्यामुळे ती रुंद होईल. आणि ५० पैकी दहाबारा जण तरीही सापडले नाहीत, तर प्रश्न लहान होतो, मिटत नाही.

शोध शक्यच नसेल तर भार देऊन विश्लेषण करता येतं. प्रत्येक वर्षी संपर्कात राहण्याची शक्यता मॉडेलने काढायची आणि जो गळण्याच्या बेतातला असूनही राहिला त्याला जास्त वजन द्यायचं. दर माणसाच्या दर वर्षाला एक ओळ अशी फाइल लागेल. तीत `stay` म्हणजे त्या वर्षी संपर्कात राहिला तर १, गळाला तर ०, आणि `fev1` म्हणजे फुफ्फुसाच्या तपासणीचा आकडा:

```r
d  <- d[order(d$id, d$year), ]
mn <- glm(stay ~ factor(year) + dust, binomial, d)
md <- glm(stay ~ factor(year) + dust + age + fev1 + sickdays,
          binomial, d)
d$sw <- ave(fitted(mn) / fitted(md), d$id, FUN = cumprod)
summary(d$sw)
```

वजनांची सरासरी १ च्या आसपास हवी. एखादं वजन ३० किंवा ४० आलं, तर एक माणूस अख्खा निकाल ओढतोय असं समजा आणि कोणत्या चलामुळे ते झालं ते बघा. मोकळ्या जागा आधी हाताळा, नाहीतर `fitted` च्या ओळी आणि फाइलच्या ओळी जुळणार नाहीत. आणि हे सगळं तेव्हाच उपयोगी, जेव्हा गळतीचं खरं कारण तुमच्या फाइलमध्ये मोजलेलं आहे. फुफ्फुसाची शेवटची तपासणी आणि आजारपणाच्या रजा नसतील, फक्त वय आणि गावाचा जिल्हा असेल, तर वजनं देऊन फक्त समाधान मिळेल.

आता दाराशी घडलेला बायस, ज्याला हेल्दी वर्कर इफेक्ट म्हणतात. सर्वसाधारण लोकसंख्येत अंथरुणाला खिळलेले, जुन्या हृदयरोगाचे, टीबीने खंगलेले सगळे येतात. फाउंड्रीत भरतीला उभा राहतो तो घमेलं उचलू शकणारा तरुण, आणि त्यातूनही वैद्यकीय तपासणी काही जणांना गाळते. ही जाणीव जुनी आहे. विल्यम ओगल यांनी १८८५ मध्येच इंग्लंडमधल्या व्यवसायनिहाय मृत्यूंबद्दल लिहिताना नोंदवलं होतं की कष्टाच्या धंद्यात दुबळे लोक शिरतच नाहीत आणि शिरले तरी टिकत नाहीत.

याचं सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण फॉक्स आणि कोलियर यांनी १९७६ मध्ये छापलेला ब्रिटनमधल्या पीव्हीसी कामगारांचा अभ्यास. पार्श्वभूमी गंभीर होती. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या केंटकीत व्हिनाइल क्लोराइड हाताळणाऱ्या कामगारांमध्ये यकृताचा अँजिओसार्कोमा हा एरवी अतिशय दुर्मीळ कर्करोग सापडला होता. तरीही ब्रिटिश कामगारांचे एकूण मृत्यू अपेक्षेपेक्षा कमीच दिसत होते. दोघांनी मग आकडे कामाला लागल्यापासून गेलेल्या वर्षांप्रमाणे फोडले. पहिल्या पाच वर्षांत मृत्यू अपेक्षेच्या अवघे ३७ टक्के होते. रक्ताभिसरणाच्या आणि श्वसनाच्या आजारांचे तर २१ टक्क्यांपर्यंत खाली. वर्षं जातील तसा फरक भरत गेला आणि पंधरा वर्षांनी जवळजवळ संपला. व्हिनाइल क्लोराइड काही माणसाला पहिली पाच वर्षं संरक्षण देत नाही. तो भरतीच्या चाळणीचा परिणाम होता आणि चाळणीचा गुण जसा काळानुसार ओसरतो तसाच ओसरला.

तुमच्याकडे हीच फोड करा. एसएमआर भरतीपासून ०–४, ५–९, १०–१४ आणि १५ वर्षांपुढे असा चार तुकड्यांत काढा. आकडा चढत गेला तर चाळणी दिसेल. पण चढाचा अर्थ लावताना जपून. धुळीचा उशिरा येणारा परिणामही त्याच काळात चढतो आणि दोन्ही एकमेकांवर बसतात. कारणानुसार फोड केली तर थोडी मदत होते, कारण चाळणी हृदयविकार आणि जुनाट श्वसनरोगात जोरदार असते, कर्करोगात कमी, कारण पंचविशीतल्या तपासणीत पंचावन्नाव्या वर्षीचा कर्करोग दिसत नाही. अपेक्षित दर नमुना नोंदणी पद्धतीच्या, म्हणजे एसआरएसच्या, राज्याच्या पुरुषांच्या वयनिहाय आकड्यांवरून घ्या. कारणनिहाय अपेक्षित मृत्यू मात्र आपल्याकडे काढणं जोखमीचं आहे. वैद्यकीय प्रमाणपत्रांवरून येणारी आकडेवारी फक्त डॉक्टरने कारण लिहिलेल्या मृत्यूंची असते आणि गावात घरी झालेले मृत्यू त्यात क्वचितच असतात.

यावर नेहमीचा उपाय म्हणजे बाहेरची तुलना सोडून कामगारांची कामगारांशीच तुलना करणं, कमी धूळ विरुद्ध जास्त धूळ. सगळेच त्या चाळणीतून आलेले, त्यामुळे पहिला बायस बराचसा जातो. (दोन गटांचे दोन एसएमआर काढून एकमेकांना भागू नका. वयोरचना वेगळी असेल तर ती तुलना बसत नाही. सरळ पॉयसन किंवा कॉक्स मॉडेल लावा.) पण तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं मूळ नेमकं इथेच आहे. आतल्या तुलनेत दुसरा बायस उघडा पडतो, कामात टिकून राहणाऱ्यांचा.

दोन कामगार घ्या. दोघे २००४ मध्ये फेटलिंगला लागले, दोघांना दर घनमीटरला ०.१ मिलिग्रॅम सिलिका. एकाला खोकला-दम सुरू झाला, त्याने २००८ मध्ये काम सोडलं. त्याचा साठलेला डोस ०.४ मिलिग्रॅम-वर्षं. दुसऱ्याची छाती दणकट, तो २०२० पर्यंत राहिला, डोस १.६. पहिला २०१५ मध्ये वारला. तुमच्या तक्त्यात हा मृत्यू ‘कमी धुळी’च्या रकान्यात पडला आणि दणकट माणूस ‘जास्त धुळी’च्या रकान्यात जिवंत बसला. जास्त डोस घेण्यासाठी मुळात जगावं आणि धडधाकट राहावं लागतं, म्हणून जास्त डोस निरोगीपणाची खूण बनतो. फॉक्स-कोलियर यांनाही हेच दिसलं होतं. पंधरा वर्षं जगलेल्यांपैकी उद्योग सोडून गेलेल्यांचा एसएमआर कामावर असलेल्यांपेक्षा सुमारे ५० टक्के जास्त होता.

तुमच्या कोहॉर्टमध्ये याला आणखी एक पीळ आहे. तुम्ही २००५ ला मस्टरवर ‘असलेले’ घेतलेत. पहिला कामगार २००४ ऐवजी १९९५ मध्ये लागून १९९९ मध्ये गेला असता, तर तो यादीतच नसता, आणि १९९५ मध्ये लागलेला दणकट मात्र असता. म्हणजे जुन्या भरतीचे जेवढे आहेत ते सगळे आधीच टिकून दाखवलेले आहेत. भरतीचं वर्ष २००० च्या आधी आणि नंतर असे दोन भाग पाडून डोसचा उतार, म्हणजे डोस वाढेल तसा मृत्यूचा धोका किती बदलतो, तो वेगवेगळा काढा. नव्या भरतीत उतार वर जाणारा आणि जुन्यात सपाट किंवा उलटा आला, तर कारण सापडलं. जुनी पीएफची वार्षिक विवरणपत्रं मिळत असतील तर कोहॉर्ट भरतीपासूनच बांधा, मस्टरच्या एका तारखेपासून नको.

साधे उपाय अर्धेच काम करतात. डोस १० किंवा १५ वर्षं मागे ढकलून मोजणं करून बघाच, म्हणजे कुठल्याही वर्षीचा धोका मोजताना, माणूस जिवंत असो वा मेलेला, त्या वर्षाच्या लगेच आधीच्या दहा वर्षांतली धूळ हिशेबात धरायची नाही. आजारी पडून काम सोडल्याने हुकलेली धूळ त्यामुळे बरीचशी बाहेर जाते आणि सिलिकोसिसच्या संथ गतीलाही ते साजेसं आहे. पण ‘सध्या कामावर आहे की नाही’ हे चल मॉडेलमध्ये नुसतं टाकून दिलं तर दुसरंच बिघडतं. काम सोडणं हे पुढच्या धुळीचं आणि मृत्यूचं, दोन्हीचं सूचक आहे, म्हणून ते धरायला हवं. पण ते मागच्या धुळीचा परिणामही आहे, म्हणून धरलं की धुळीच्या नुकसानीचा तेवढा भाग पुसला जातो. धरलं तरी चावतं, नाही धरलं तरी चावतं. जेम्स रॉबिन्स यांनी १९८६ मध्ये जी-फॉर्म्युला मांडला तो नेमका याच अडचणीसाठी. ‘सगळ्यांनी कामावर असेपर्यंत अमुक इतकीच धूळ घेतली असती तर’ हा प्रश्न वर्षागणिक पुढे चालवत सोडवायचा.

ते यंत्र जोडण्याआधी दोन तपासण्या करा, साध्या रिग्रेशनने होतात. आधीची धूळ जास्त असलेले लवकर काम सोडतात का? आणि वय व डोस सारखा असताना काम सोडलेले लवकर मरतात का? दोन्हींचं उत्तर हो आलं, तर नेहमीचं मॉडेल पुरणार नाही. पहिल्याचं नाही आलं, तर कामावर असण्याचं चल मॉडेलमध्ये घालून भागतं, जी-पद्धतीचा खटाटोप नको.

एक गट यातल्या कुठल्याच गणितात बसत नाही. नॉकआउट, म्हणजे साचा फोडून ओतीव बाहेर काढणं, आणि फेटलिंग ही सर्वांत धुळकट कामं बऱ्याच ठिकाणी ठेकेदाराच्या माणसांकडे असतात, आणि ती माणसं कंपनीच्या मस्टरवर कधीच नव्हती. जो यादीत आलाच नाही त्याला वजन देता येत नाही. ठेकेदाराचे हजेरीपट मिळाले तर तो वेगळा कोहॉर्ट करा. नाहीतर शीर्षकात ‘फाउंड्री कामगार’ न लिहिता ‘कायम कामगार’ लिहा, आणि ०.७८ सोबत, वर धरून चाललेल्या ०.९२ व १.१३ च्या जागी तुमच्या स्वतःच्या हिशेबातून येणारे दोन आकडे, असे तिन्ही, कोणत्या गृहीतकावर कोणता आला ते सांगून एकाच तक्त्यात द्या.